पेजेवरचे तीन आठवडे आणि न भरणारी जखम

अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला होता. रात्री दोनच्या सुमारास मला ऑपरेशनला घेतलं. दुर्बिणीतून जमण्यासारखं नव्हतं, म्हणून बेंबीच्या खालून मधोमध उभा छेद घेऊन पोट उघडलं, धुतलं, नळी ठेवली. आषाढ सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. अकरा दिवस दवाखान्यात काढून मी घरी आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता फक्त विश्रांती घ्यायची आणि पथ्य पाळायचं. मलाही तसंच वाटलं होतं.

घरी येऊन तीन दिवस झाले आणि छेदाच्या खालच्या टोकाला लाल झालं, दुखायला लागलं, मग पिवळसर पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी खालचे चार टाके काढले आणि जखम उघडीच ठेवली. बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब आणि दोनेक सेंटिमीटर खोल. पुन्हा शिवली तर आत पू कोंडेल, म्हणून ती तळापासून वर भरत येऊ द्यायची आणि रोज ड्रेसिंग करायचं, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं, आठ-दहा दिवसांत भरेल.

ऑपरेशनला तीन आठवडे झाले तरी ती जखम होती तिथेच होती. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनी एक दिवस मला आरशात दाखवली. तळाचा रंग फिकट गुलाबी, मध्ये पिवळसर चिकट थर. त्या म्हणाल्या, "बाई, भरणारी जखम डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल दिसते. कापूस लावला तर टिपका रक्त येतं. तुमची नुसती पांढरी पडलीय." पू आता येत नव्हता, तापही नव्हता, साखर तपासली तर ठीक होती. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि मला पलंगावरून हात न टेकता उठायला सांगितलं. मला उठता आलं नाही. मग त्यांनी वजनकाट्यावर उभं केलं. ऑपरेशनच्या आधी 58 किलो होते, आता 51.

त्यांनी विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?"

मी अभिमानानेच सांगितलं, कारण पथ्य मी कडक पाळलं होतं. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. मग तांदळाची पेज, मीठ घालून. दुपारी वाटीभर मऊ भात आणि वरणाचं पाणी. संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किट, थोडी साबुदाण्याची खीर. रात्री वाटीभर मुगाची खिचडी. डाळ वातूळ म्हणून वरणातली वरची निवळ घेत होते. अंडी आणि मटण उष्ण म्हणून बंद. दही थंड. आणि आंबट तर अजिबात नाही, कारण आंबट खाल्लं की जखमेत पू होतो हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहून मला त्याच इमारतीतल्या आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी आधी माझ्या सासूबाईंना खुर्ची दिली. ते मला फार आवडलं, कारण स्वयंपाकघर त्यांच्या हातात होतं आणि गेले तीन आठवडे पहाटे उठून माझ्यासाठी पेज त्याच करत होत्या. मग मॅडमनी कागद घेतला आणि माझ्या कालच्या खाण्यातलं प्रोटीन पदार्थापदार्थाने मांडलं. पेजेत फार तर दोन ग्रॅम. वरणाच्या पाण्यात एक-दीड, कारण डाळीचं बळ तळाशी बसलेल्या गाळात असतं. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य, खिरीत आलं ते थोड्या दुधातलं. खिचडीत पाच. भात, चहातलं दूध, बिस्किटं धरून बेरीज वीसच्या आत आली.

"आणि लागतं किती?" सासूबाईंनी विचारलं.

धडधाकट माणसाला किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम, म्हणजे माझ्या वजनाला चाळीसच्या आसपास. पण मोठं ऑपरेशन झालेल्या, जंतुसंसर्ग झालेल्या माणसाला किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम धरतात, कारण शरीर त्या दिवसांत स्वतःचे स्नायू मोडून त्यातून लागणारा माल काढत असतं. माझ्यासाठी त्यांनी सत्तर ग्रॅमचा आकडा ठरवला. माझी मूत्रपिंडं चांगली आहेत का, ते क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर पाहूनच. ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत त्यांना हा आकडा लागू नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. शेजारच्यांना हाच कागद देऊ नका, असंही म्हणाल्या.

मी मध्येच म्हटलं, "पण दवाखान्यात तर एवढ्या सलाइनच्या बाटल्या लावल्या होत्या." माझा खरोखर समज होता की त्या दिवसांत माझ्या अंगात अन्न जात होतं. मॅडमनी सांगितलं की पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम ग्लुकोज असतं. त्यातून मिळणारी शक्ती शंभर कॅलरींच्याही आत, म्हणजे एका पोळीएवढी. साध्या मिठाच्या सलाइनमध्ये तेवढंही नाही. प्रोटीन कुठल्याच बाटलीत नव्हतं. म्हणजे पहिले पाच दिवस तोंडाने काही नाही, पुढचे सहा दिवस नारळपाणी आणि पेज, आणि घरी आल्यावर कडक पथ्य. सात किलो कुठे गेले ते मला त्या खुर्चीवर बसून कळलं. त्यातले बरेच मांड्यांतून गेले होते, म्हणून उठता येत नव्हतं.

घरी येताना रिक्षात सासूबाई काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "मीच उपाशी ठेवली तुला." मी त्यांना सांगितलं आणि इथेही लिहिते, की त्यांचं काही चुकलं नव्हतं. दवाखान्यातून सुट्टी देताना कागदावर फक्त "हलका आहार" असं लिहिलं होतं. हलका आहार म्हणजे काय, किती आणि किती दिवस, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आतडं नुकतं जागं होत असताना पहिले चार-दोन दिवस पेज बरोबरच आहे. त्या चार दिवसांचं पथ्य आम्ही तीन आठवडे ओढलं.

आता नवीन दिवस कसा मांडला ते सांगते. मॅडमनी ताटं वाढवली नाहीत, वेळा वाढवल्या. मला चार घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं. दुखण्याच्या गोळ्यांनी आतडं मंद चालतं, दिवसभर पडून राहिल्याने आणखी मंद होतं, आणि तीन आठवडे थोडंच खाल्ल्यावर भूकही मरते. अशा माणसासमोर भरलं ताट ठेवलं तर ते पाहूनच नको वाटतं. शिवाय प्रोटीन एकाच जेवणात कोंबून उपयोग होत नाही, शरीराला ते दिवसभरात थोडंथोडं मिळालं तर स्नायू बांधायला जास्त कामी येतं. म्हणून दर अडीच-तीन तासांनी एक वाटी किंवा छोटी ताटली, आणि प्रत्येक वेळी त्यात काहीतरी प्रोटीनचं असलंच पाहिजे.

सकाळी सातला पेलाभर दुधात नाचणीचं सत्त्व, आणि त्यातच दोन चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर. पावडरीची युक्ती मला फार उपयोगी पडली. पेला तेवढाच राहतो, पण प्रोटीन सातावरून तेरापर्यंत जातं. साडेनऊला भिजवून वाटलेल्या मुगाच्या डाळीचं एक धिरडं आणि एक उकडलेलं अंडं, पुन्हा तेरा. बाराला मऊ भात, त्यावर घट्ट वरण, चमचाभर तूप आणि लहान वाटी दही. तिथे वरण पळीने ढवळून घ्यायचं, वरचं निवळ घ्यायचं नाही, हा नियम सासूबाईंनी स्वतःच लावून घेतला. तीनला ताकात दोन चमचे फुटाण्याचं पीठ आणि अर्धा पेरू. साडेपाचला चार-पाच तुकडे पनीर, तव्यावर नुसते जिरं घालून परतलेले. आठला मुगाची खिचडी, पण आता तांदळाएवढीच डाळ घालून, आणि सोबत दुसरं अंडं. झोपताना अर्धा पेला दूध. बेरीज बहात्तर.

तूप आणि भात का ठेवले, असं मी विचारलं होतं. नुसतं प्रोटीन वाढवलं आणि पोटभर शक्ती मिळाली नाही, तर शरीर तेच प्रोटीन सरपणासारखं जाळून टाकतं. म्हणून दिवसाला पंधराशे कॅलरी तरी पोटात जायला हव्यात, आणि थोड्या जागेत जास्त शक्ती मावते ती तुपात, गुळात, शेंगदाण्याच्या कुटात.

हे सगळं एका दिवसात सुरू केलं नाही. पहिले तीन दिवस अर्ध्याच मात्रेने. फार दिवस जेमतेम खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातले क्षार एकाएकी खाली जाऊ शकतात. खूप अशक्त माणसात ते धोक्याचं ठरतं, त्यासाठी रक्त तपासत तपासत वाढवावं लागतं. माझी तपासणी एकदा केली, ठीक निघाली.

आणि तरीही माझी एक चूक झालीच. चौथ्या-पाचव्या दिवशी हुरूप आला आणि दुपारच्या ताकात मी दोनऐवजी पाच चमचे फुटाण्याचं पीठ घातलं, वर संध्याकाळी पनीर दुप्पट. रात्री पोट ढोलासारखं फुगलं. घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. उलटी होतेय का? वारा सरतोय का? ताप आहे का? उलटी नव्हती, ताप नव्हता, वारा सरत होता. मग म्हणाले, आतडं चालू आहे, हा नुसता गॅस आहे, उद्या हरभरा बंद ठेवा आणि घरात फेऱ्या मारा. यातलं उलटं उत्तर आलं असतं, म्हणजे पोट फुगलंय, वारा सरत नाही आणि उलट्या होतायत, तर रात्रीच दवाखान्यात या म्हणाले असते, कारण पोटाच्या ऑपरेशननंतर आतडं चिकटून अडकू शकतं आणि ते खाण्यापिण्याने सुटत नाही. दोन दिवसांनी मी एका चमच्यापासून पुन्हा सुरुवात केली. आठवड्याने तेच दोन चमचे सहज पचायला लागले. सासूबाईंचं वातूळचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं तर. फक्त त्यावर डाळ बंद करणं हा उपाय नव्हता, ती भिजवून, मऊ शिजवून, हिंग-आलं घालून थोडीथोडी वाढवायची होती.

आंबटाची गोष्ट सुटायला जास्त वेळ लागला. सासूबाईंनी डॉक्टरांना सरळच विचारलं, "आंबटाने पू होत नाही का?" डॉक्टर म्हणाले, पू जंतूंमुळे होतो, लिंबामुळे नाही. पण एवढ्यावर त्या मानणाऱ्या नव्हत्या हे ओळखून त्यांनी एक हकीकत सांगितली, आणि ती आम्हा दोघींच्या मनात बसली. 1939 साली बॉस्टनमध्ये जॉन क्रँडन नावाच्या एका तरुण सर्जनने स्वतःवरच प्रयोग केला. त्याने कित्येक महिने असं अन्न खाल्लं ज्यात व्हिटॅमिन सी मुळीच नव्हतं. तीन महिने झाल्यावर त्याच्या पाठीवर मुद्दाम एक छेद घेतला, तो नीट भरला. सहा महिने झाल्यावर दुसरा घेतला, तो भरला नाही. मग त्याला शिरेतून व्हिटॅमिन सी दिलं आणि तीच जखम भरून आली.

कारण असं की जखमेत नवं मांस धरून ठेवणारे जे धागे असतात, कोलॅजनचे, ते प्रोटीनचेच बनतात, पण त्यांना पीळ बसून ते घट्ट व्हायला व्हिटॅमिन सी लागतं. सूत आहे पण पीळ नाही अशी दोरी ओढली की तुटते, तसंच. डॉक्टरांनी त्याच हकीकतीतून दुसरी बाजूही दाखवली. तीन महिने सी न खाताही पहिली जखम भरली होती. म्हणजे कमतरता असेल तर ती भरून काढायची, पण आधीच पुरेसं असेल तर हजार हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या खाऊन जखम दुप्पट वेगाने भरत नाही. उलट जास्तीचं लघवीवाटे जातं, आणि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांचा वाढू शकतो.

मला किती लागत होतं? रोजची गरज बाईला 65 मिलिग्रॅम. आजारपणात थोडी वाढवून दीडशे-दोनशे धरली. आवळ्याचा हंगाम अजून लांब होता, पण पावसाळी पेरू बाजारात आले होते, आणि शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास सी असतं. म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा पेरू खाल्ला की दिवसाचा मोठा भाग झाला. बिया दातात अडकत, पोटालाही जड वाटत, म्हणून आधी बियांचा गर चमच्याने काढून टाकायचे. लिंबात मात्र लोक समजतात तेवढं नसतं, एका लिंबाच्या रसात जेमतेम पंधरा मिलिग्रॅम. तरी मी रोज पिळून घेत होते, पण वरण ताटात आल्यावर, कारण सी उष्णतेने मरतं आणि उकळत्या वरणात पिळलेलं लिंबू फक्त चवीपुरतं उरतं. शेवग्याच्या पाल्याची भाजी आमच्या परसातलीच. ती झाकण ठेवून पटकन वाफवायची, पाणी टाकून द्यायचं नाही.

लिंबाने आणखी एक काम केलं. जंतुसंसर्गासाठी मला मेट्रोनिडाझोल ही गोळी चालू होती आणि तिने तोंडाला सतत लोखंड चाटल्यासारखी चव येत असे. मला वाटायचं, माझी भूकच गेली आहे. सिस्टर म्हणाल्या, गोळी बंद झाली की चव परत येईल, तोपर्यंत जेवणाआधी लिंबाच्या फोडीला मीठ लावून चाटा. सासूबाईंनी कोथिंबीर-आल्याची पातळ चटणी करून दिली. तिच्यासोबत धिरडं खाली उतरायचं. जेवणाच्या आधी चहा आणि पाणी पिणंही बंद केलं. आधी प्यायलं की जी चार घासांची जागा आहे ती पाण्यानेच भरते.

गोळ्यांच्या बाबतीत आणखी एक घोळ माझ्याकडून होत होता आणि तो मॅडमनी पकडला. दुसरी गोळी होती सिप्रोफ्लॉक्सासिन. मी ती सकाळी दुधासोबत घेत होते, पोटात आग पडू नये म्हणून. दुधातलं कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतं आणि औषध रक्तात नीट उतरत नाही. जस्ताची गोळीही तसंच करते. वेळ बदलली. गोळी पहाटे साडेचारला आणि दुपारी साडेतीनला, साध्या पाण्यासोबत, आणि दूध, ताक, पनीर किंवा जस्त त्यानंतर दोन तास तरी नाही. त्यासाठी दुपारचं ताकही दीडला घ्यायला लागले. गजर लावून उठायचे आणि पुन्हा झोपायचे. संसर्ग आटोक्यात यायला त्याचा हातभार लागला असं डॉक्टरांना वाटलं.

जस्त म्हणजे झिंक. ही गोष्ट मी आधी फक्त पत्र्याशी जोडायचे. नव्या पेशी तयार होताना शरीराला ते लागतं, आणि ते कमी पडलं तर जखम रेंगाळते, चव जाते, भूक मंदावते. मांस-मासळी खाणाऱ्याला ते सहज मिळतं. आपल्या डाळी-धान्यांतही असतं, पण त्यांच्यात असलेलं फायटेट त्याला बांधून ठेवतं. भिजवल्याने, मोड आणल्याने आणि आंबवल्याने हे फायटेट कमी होतं. इडलीचं पीठ रात्रभर ठेवायचं, मटकीला मोड आणायचे, या आपल्या घरातल्या जुन्याच रीती त्या कामाच्या आहेत. म्हणून नव्या खाण्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून मोडाची मटकी, मऊ शिजवून, आणि भाजलेल्या तिळाची चटणी ताटात आली.

शिवाय डॉक्टरांनी जस्ताची वीस मिलिग्रॅमची गोळी फक्त चौदा दिवसांसाठी दिली, कारण दवाखान्यात मला जुलाबही झाले होते आणि त्यातून ते बरंच गेलं असणार. पहिल्या दिवशी ती मी रिकाम्या पोटी घेतली आणि अर्ध्या तासात मळमळून ओकारी आली. नंतर बाराच्या जेवणानंतर घ्यायला लागले, काही त्रास झाला नाही. चौदा दिवस संपल्यावर मी आणखी एक पाकीट आणू का विचारलं तर डॉक्टर स्पष्ट नाही म्हणाले. जास्त जस्त महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्याने रक्त कमी होऊ शकतं.

मग श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात अंड्याचं टरफलही घरात येत नाही, आणि सासूबाईंचे सोमवार, शनिवार. मी म्हटलं, अंडी सोडते, दूध-पनीर वाढवून घेते. मॅडमचीही त्याला हरकत नव्हती, हिशेब बसत होता. पण पनीर रोज रोज खाऊन माझा जीव विटला होता, आणि ते सासूबाईंना दिसत होतं. एका सकाळी त्यांनी मागच्या पडवीत जुना स्टोव्ह मांडला, वेगळं पातेलं ठेवलं आणि दोन अंडी उकडून माझ्यासमोर आणली. म्हणाल्या, "औषधाला सोवळं नसतं." पूर्ण श्रावण त्यांनी ते पातेलं वेगळं ठेवलं आणि स्वतः आंघोळ करून मगच देवापाशी गेल्या. मला उपास धरू दिला नाही. सोमवारी घरात साबुदाण्याची खिचडी व्हायची तेव्हा माझ्या ताटात मुगाची असायची.

श्रावणाआधी एकदा माझ्या भावाने कोल्हापूरहून मटणाचं अळणी आणलं होतं. आमच्याकडे आजाऱ्याला ते प्यायला देतात, अंगात ताकद येते म्हणून. प्यायला छान वाटलं, तोंडाला चव आली, अंगात ऊब आली. पण मॅडमनी सांगितलं होतं की पाण्यात उतरतं ते थोडंच, बळ तुकड्यात राहतं. तेव्हा भावाने तुकडे अगदी मऊ शिजवून, बारीक करून भातात कालवून दिले. तीन-चार तुकड्यांत बारा-तेरा ग्रॅम प्रोटीन सहज गेलं. वरणाचं निवळ आणि अळणी, दोन्हीकडे आम्ही पाणी पीत होतो आणि ऐवज पातेल्यात ठेवत होतो.

जखमेत फरक कधी दिसला? नवीन खाणं सुरू करून नवव्या की दहाव्या दिवशी सिस्टर कापूस उचलताना थांबल्या आणि म्हणाल्या, "रक्त आलं बघा." एरवी हे ऐकून मी घाबरले असते. तळ लाल झाला होता, बारीक दाणेदार. पिवळा थर अर्ध्यावर आला होता. त्यानंतर दर आठवड्याला त्या सळईने खोली मोजून वहीत लिहायच्या. दोन सेंटिमीटर, मग दीड, मग एक. वजन मात्र लगेच वाढलं नाही. पहिल्या आठवड्यात उलट अर्धा किलो कमी झालं, कारण पायांवरची सूज उतरली. मला वाईट वाटलं. डॉक्टर म्हणाले, काट्याकडे आणि रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रोटीनच्या रिपोर्टकडे एवढ्यात पाहू नका. अल्ब्युमिन माझं 2.6 म्हणजे कमी होतं, पण ते अंगात जंतुसंसर्ग असतानाही खाली जातं, त्यामुळे नुसत्या त्यावरून खाणं पुरतं की नाही हे ठरत नाही. त्यांनी दुसरी कसोटी दिली. रोज सकाळी खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी शून्य. पंधरा दिवसांनी एकदा. महिन्याने सलग पाच वेळा. त्यासोबत घरात फेऱ्या मारणं चालूच होतं, कारण स्नायूला काम दिलं नाही तर खाल्लेलं प्रोटीन तिथे बांधलं जात नाही.

बद्धकोष्ठ हा एक त्रास शेवटपर्यंत राहिला. कुंथलं की टाक्यांवर ताण येतो, म्हणून तो हलका घेण्यासारखा नव्हता. दुखण्याची गोळी कमी केल्यावर, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका आणि दिवसभरात घोटघोट मिळून आठ-नऊ पेले पाणी यांनी तो सुटत गेला.

गौरी-गणपतीच्या आधी दोन दिवस सिस्टरनी पट्टी काढली आणि नवी लावली नाही. तिथे तिळाएवढी ओली जागा उरली होती, तीही खपलीखाली गेली. काटा 54 वर होता. उरलेले चार किलो भरून यायला दिवाळी उजाडेल असं मॅडम म्हणाल्या, आणि सात वेळांचं खाणं आता चारवर आणायला सांगितलं. गणपतीच्या दिवशी मी पाटावर बसून एकवीस मोदक वळले. मधेच सासूबाईंनी हातातली पारी काढून घेतली आणि समोर पेरूची वाटी ठेवली. तीन वाजले होते.